दर्शनबारी किती लांब होईल? श्रावणी सोमवारचा हिशोब

प्रश्न: "आमच्या पेठेत महादेवाचं मंदिर आहे, सोलापुरात. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी पहाटे ४ ते रात्री १० पर्यंत चारेक हजार लोक येतात आणि रांग दरवर्षी मोठ्या रस्त्यावर जाते. सकाळी साडेसातच्या आरतीला २० मिनिटं दर्शन बंद असतं. एका माणसाला २ फूट धरले तर रांग किती लांब होईल? रस्ता आणि मंदिर यांच्या मध्ये १२० बाय ३० फुटांचं पटांगण आहे. त्यात ती बसेल का?"

चार हजार गुणिले दोन म्हणजे आठ हजार फूट, जवळजवळ अडीच किलोमीटर. एवढी रांग तुमच्याकडे कधी लागत नाही, हे तुम्ही दरवर्षी डोळ्यांनी बघताच. मग चूक गुणाकारात नाही, चार हजार या आकड्यात आहे. तो दिवसभरात येऊन गेलेल्या लोकांचा आकडा आहे. रांगेची लांबी ठरते ती एका वेळी उभ्या असलेल्या लोकांवरून. मी तीस वर्षं जिल्ह्यातल्या यात्रांच्या बाऱ्या आखतो आहे, आणि मंडळांच्या बैठकीत पहिला अर्धा तास नेहमी या एकाच गोष्टीत जातो.

एका वेळी उभी असलेली माणसं म्हणजे आतापर्यंत आलेली वजा दर्शन घेऊन बाहेर पडलेली. आलेल्यांवर तुमचा ताबा नाही, बाहेर पडणाऱ्यांवर थोडाफार आहे. म्हणून मोजणीची सुरुवात गाभाऱ्याच्या दारापासून करा. एक मुलगा घड्याळ घेऊन बाहेर पडायच्या वाटेवर उभा करा आणि दहा मिनिटांत किती माणसं बाहेर आली ते मोजायला सांगा. आत जाणारी मोजू नका. आत जाताना घोळका होतो आणि आकडा फसवतो. ही मोजणी तीन वेळा करा: पहाटे पाचला, सकाळी सातला आणि नऊला. पहाटे अभिषेकाचं दूध घेऊन येणाऱ्या बायका जास्त असतात, त्यामुळे तेव्हाचा वेग वेगळा निघतो.

पेठेतल्या लहान मंदिरात, एकच दार आणि खाली उतरून गाभारा असेल, तर मिनिटाला सातच्या आसपास माणसं बाहेर पडतात असा माझा अनुभव आहे. प्रत्येकाला साडेआठ सेकंद. पाणी घालायचं, बेल वाहायचा, कपाळ टेकायचं, यात तेवढा वेळ जातोच आणि जायलाही हवा. मिनिटाला ७ म्हणजे तासाला ४२०.

आता येणारे. तुम्ही तासातासाचे आकडे दिलेले नाहीत, म्हणून अशा मंदिरात जशी गर्दी वाटली जाते तशी मी धरून दाखवतो. तुमचे खरे आकडे मिळाले की तेच घाला. सोलापुरात श्रावणी सोमवारची गर्दी सकाळी एकवटते, त्याचं कारण शहराच्या पोटापाण्यात आहे. यंत्रमागावर पाळीला जाणारा माणूस, विड्या घेऊन कारखान्यात जाणारी बाई, शाळेचं पोर, सगळ्यांना कामाला लागण्याआधी दर्शन हवं असतं. म्हणून चार हजारांतले अठ्ठावीसशे लोक सकाळी अकराच्या आत येतात असं धरू. उरलेले बाराशे पुढच्या अकरा तासांत विखुरतात. त्यांच्यामुळे रांग वाढत नाही, कारण तासाला ४२० जण दर्शन घेऊ शकतात आणि येतात जेमतेम ११०.

सकाळचा हिशोब असा मांडा:

| वेळ | आलेले | दर्शन झालेले | तासाअखेर रांगेत |
|---|---|---|---|
| ४ ते ५ | २०० | २०० | ० |
| ५ ते ६ | ३५० | ३५० | ० |
| ६ ते ७ | ६०० | ४२० | १८० |
| ७ ते ८ | ६५० | २८० | ५५० |
| ८ ते ९ | ५०० | ४२० | ६३० |
| ९ ते १० | ३०० | ४२० | ५१० |
| १० ते ११ | २०० | ४२० | २९० |

सात ते आठच्या ओळीत ४२० ऐवजी २८० आहेत, ती तुमच्या आरतीची वीस मिनिटं. त्या वेळात १४० माणसांचं दर्शन राहतं. ते १४० जण पुढच्या तासात भरून निघत नाहीत, कारण तेव्हाही येणारे जाणाऱ्यांपेक्षा जास्तच असतात. ते रांगेत साठून राहतात आणि दुपारी बाराच्या सुमाराला रांग संपेपर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला वीस मिनिटं जास्त येतात. सर्वांत लांब रांग नऊला लागते, आरतीला लागत नाही. बहुतेक मंडळं आरतीच्या वेळी जास्त स्वयंसेवक उभे करतात आणि आरती संपली की त्यांना चहाला सोडतात. खरी गरज त्यानंतर साधारण सव्वा तासाने असते.

तर तुमचा आकडा ६३०. चार हजार नव्हे.

आता जागा. तुम्ही २ फूट धरलेत. एकामागे एक उभ्या राहणाऱ्या रांगेला तो आकडा ठीक आहे. रेल्वे स्टेशनच्या तिकीट खिडकीपुढे माणसं तशीच उभी राहतात: एकेकटी, हातात पैसे आणि पाठीला पिशवी. तिथे माणशी दोन फूट धरले तर फारसं चुकत नाही. मंदिरात माणूस एकटा येत नाही. नवरा-बायको शेजारी उभे राहतात, आजी नातवाचा हात धरून थोडी तिरकी उभी असते, दोन मैत्रिणी गप्पा मारत बरोबर चालतात. त्यामुळे बारीत लांबीबरोबर रुंदीही मोजावी लागते, आणि मापाचं एकक फूट न धरता चौरस फूट धरावं लागतं.

माणशी किती चौरस फूट, यावर जगात बराच अभ्यास झाला आहे. जॉन फ्रुइन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ मध्ये उभ्या रांगेच्या पायऱ्या ठरवल्या, त्या आजही वापरात आहेत. त्याच्या हिशोबाने माणशी ७ ते १० चौरस फूट असले तर माणूस निवांत उभा राहतो. ३ ते ७ मध्ये शेजाऱ्याला न चिकटता उभं राहता येतं, पण बाजूने वाट काढून जाणं अवघड होतं. २ ते ३ मध्ये धक्का लागणं टळत नाही, आणि २ च्या खाली अंगाला अंग घासतं. तिथे माणूस स्वतःच्या मर्जीने हलू शकत नाही. हे आकडे पूजेची ताटं आणि कडेवरची मुलं लक्षात घेऊन काढलेले नाहीत. आपल्याकडे हातात पूजेचं ताट असतं, म्हणून मी आखणी करताना ५ चौरस फूट धरतो. कोणी कितीही आग्रह केला तरी ४ च्या खाली जात नाही.

हा आग्रह दरवेळी होतो. "दाटीवाटीने उभे राहतील हो, दीड चौरस फूट धरा, सगळे आत बसतील," असं कोणीतरी म्हणतंच. दीड चौरस फूट धरून आखलेली बारी कागदावर छान दिसते. पण आखणी करताना दाटी धरली, तर प्रत्यक्षात गर्दी थोडी वाढली की उरलेली जागा फक्त माणसांच्या छातीतून काढायची राहते. आखणी सैल धरलेली असेल, तर अनपेक्षित गर्दी त्या सैलपणात मावते. २००५ साली वाईजवळच्या मांढरदेवीला अडीचशेहून अधिक माणसं गेली. तिथे उतार होता, अरुंद वाट होती आणि नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. जागेचा आकडा ठरवताना तो प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर असतो. तुमच्या मंदिराला पायऱ्या असतील तर रांग पायऱ्यांवर उभी ठेवू नका. पायऱ्यांच्या आधी थांबवा आणि वर जेवढे मावतील तेवढेच सोडा.

आता तुमचं पटांगण. १२० गुणिले ३० म्हणजे ३,६०० चौरस फूट. भागिले ५ केलं की ७२० माणसं बसतात, आणि तुम्हाला ६३० बसवायची आहेत. म्हणजे प्रश्न सुटला, असं वाटेल. पण तसं होत नाही, कारण पटांगणात बांबू लावायचे आहेत, वळणं द्यायची आहेत आणि एखाद्याला चक्कर आली तर त्याला बाहेर काढायला वाट ठेवायची आहे.

गल्लीची रुंदी आधी ठरवा. (दोन बांबूंमधल्या वाटेला आमच्या कामात गल्ली म्हणतात.) २ फुटांची गल्ली ताट घेतलेल्या माणसाला अरुंद पडते आणि मुलाला कडेवर घेऊन परत फिरायचं म्हटलं तर शक्य नसतं. ५ फुटांची केली तर मागचे पुढे घुसतात, भांडणं होतात आणि वळणावर सगळे आतल्या कोपऱ्याकडे लोटतात. ३ फूट ही मधली रुंदी मला बरी वाटत आली आहे. ३ फुटांच्या गल्लीत माणशी ५ चौरस फूट म्हणजे ५ फूट लांबीत ३ माणसं. दोघं शेजारी आणि एक मागे, असं ते डोळ्यांसमोर येतं, आणि लोक खरंच तसेच उभे राहतात. म्हणजे माणशी लांबी १ फूट ८ इंच पडली. तुमच्या २ फुटांपेक्षा कमी, आणि तरी दाटी नाही, कारण रुंदी कामाला आली.

बांबूची जाडी धरून एक गल्ली सव्वातीन फुटांची पडते. ३० फुटांतून ४ फुटांची मोकळी वाट एका बाजूने सोडा. उरलेल्या २६ फुटांत बरोबर ८ गल्ल्या बसतात. लांबीच्या दोन्ही टोकांना ४-४ फूट मोकळे ठेवले की गल्ली ११२ फुटांची होते.

इथे थांबा. ८ गल्ल्या घ्यायच्या नाहीत.

नागमोडी बारीत गल्ल्यांची संख्या सम असली की माणूस ज्या टोकाने आत शिरला त्याच टोकाला बाहेर येतो. विषम असली की समोरच्या टोकाला निघतो. तुमचं पटांगण रस्ता आणि मंदिर यांच्या मध्ये आहे. रस्त्याकडून शिरून मंदिराकडे निघायचं तर गल्ल्या विषमच हव्यात, म्हणजे ७. ऐकायला साधं वाटतं, पण मी स्वतः यात चुकलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका यात्रेत मी जागा पुरेपूर वापरायच्या नादात १० गल्ल्या मारल्या. फक्की मारून झाली, बांबू रोवून झाले, आणि रात्री दोन वाजता लक्षात आलं की बारीचं शेवटचं टोक रस्त्याकडेच येतंय. भाविक चारला येणार होते. घाईत मधली एक ओळ उपटून काढावी लागली, आणि त्या दुप्पट रुंद झालेल्या गल्लीत दिवसभर चेंगराचेंगरीची भीती होती. काही झालं नाही, पण तो दिवस मी विसरलेलो नाही. तेव्हापासून कागदावर आधी बाणाने माणूस चालवून बघतो आणि मगच सुतळी ताणतो.

७ गल्ल्या गुणिले ११२ म्हणजे ७८४ फूट. त्यातून वळणांची घट काढा. माणूस वळणावर आतल्या बाजूने वळतो, बाहेरचा कोपरा रिकामा राहतो. प्रत्येक वळणाला मी ३ फूट वजा करतो. ७ गल्ल्यांना ६ वळणं, म्हणजे १८ फूट. उरले ७६६ फूट. दर ५ फुटांत ३ माणसं धरली की ४६० माणसं. आठव्या गल्लीची वाचलेली जागा मोकळ्या वाटेत मिळवा. ती सव्वासात फुटांची होईल, तिथून स्ट्रेचर नेता येईल आणि पाणी वाटणाऱ्यांनाही फिरता येईल.

तर उत्तर हे आहे: पटांगणात ४६० बसतील, नऊच्या सुमाराला ६३० असतील आणि १७० माणसं बाहेर राहतील. एकाच गल्लीसारखी ती उभी केली तर पावणेतीनशे-तीनशे फूट रांग रस्त्यावर जाईल. तुम्ही दरवर्षी हेच बघत असणार.

आता ही १७० माणसं कमी कशी करायची ते बघू. पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो तो अजून बांबू आणि अजून जागा असा. त्याआधी दाराचा वेग बघा. मिनिटाला ७ ऐवजी ८ माणसं बाहेर पडली तर काय होतं, तोच तक्ता पुन्हा मांडून पाहा. तासाला ४८०. सहा ते सात मध्ये साठतात १२०. सात ते आठ मध्ये आरतीमुळे ३२० च जातात, म्हणून रांग ४५० होते. आठ ते नऊ मध्ये आणखी २० वाढतात, म्हणजे ४७०. मिनिटाला फक्त एक माणूस वाढला आणि रांग १६० माणसांनी कमी झाली. पटांगणात ४६० मावतात, म्हणजे फाटकाबाहेर दहाच जण उरले. बांबूची एक जादा ओळ न मारता हे होतं. ज्या वेळी येणारे आणि जाणारे जवळजवळ सारखे असतात, तेव्हा वेगातला थोडा फरक तासातासाला साठत जातो. म्हणून तो एवढा मोठा दिसतो.

मिनिटाला एक माणूस वाढवायचा म्हणजे कोणाला ढकलायचं नाही. दर्शनाचा वेळ तसाच ठेवा, बाकीच्या गोष्टी दारापासून दूर न्या. बाराबंदी घातलेला सेवेकरी किंवा पुजारी ओरडून "चला, चला" करतो त्याने वेग वाढत नाही, माणूस गोंधळून पायरीवर थबकतो. उपयोग होतो तो या गोष्टींचा. चपला बारीच्या सुरुवातीलाच काढून घ्या, मंदिराच्या दाराशी नको. नारळ फोडायची जागा बाहेर पडायच्या वाटेवर ठेवा, आणि तिथलं पाणी वाहून जाईल अशी व्यवस्था करा. दुधाच्या अभिषेकासाठी काही मंदिरांत गाभाऱ्याबाहेर पात्र ठेवून नळीने दूध पिंडीवर सोडतात, तसं करता आलं तर सर्वांत जास्त फरक त्यानेच पडतो, कारण तांब्या रिकामा होईपर्यंत माणूस हलत नाही. आत जायचं आणि बाहेर यायचं दार एकच असेल तर मात्र मिनिटाला ८ होणं कठीण आहे. मग आरतीकडे वळा. आरतीची वीस मिनिटं बाहेरून मुखदर्शन चालू ठेवता आलं, तर ७ च्या वेगानेसुद्धा नऊ वाजता ६३० ऐवजी ४९० माणसं असतील. आरती कधी आणि कशी करायची हा पुजाऱ्यांचा आणि पंचांचा विषय आहे. मी फक्त आकडा त्यांच्यापुढे ठेवतो, आणि बहुतेक ठिकाणी ते समजून घेतात.

बायकांची आणि पुरुषांची वेगळी रांग करावी का, असं मंडळं नेहमी विचारतात. सोयीसाठी जरूर करा, पण त्याने एकूण लांबी कमी होत नाही. गाभारा एकच आहे. प्रत्येक रांग निम्मी दिसते आणि निम्म्या वेगाने सरकते, थांबायचा वेळ तोच राहतो. ओळखीच्यांना बाजूच्या दाराने सोडण्याचा परिणाम मात्र लगेच दिसतो. पाच जणांचं एक कुटुंब मध्ये सोडलं की मागच्या सगळ्यांचा पाऊण मिनिट जातो. असं दर मिनिटाला एक माणूस जरी शिरला, तरी मुख्य रांगेचा वेग ७ वरून ६ वर येतो, आणि एक माणूस कमी-जास्त झाल्याने काय होतं ते वर पाहिलंच. म्हातारी माणसं आणि बाळंतिणी यांच्यासाठी वेगळी वाट हवीच. तिचा हिशोब आधीच वेगात धरा.

पावसाबद्दल एक गोष्ट. सोलापूरचा श्रावण कधी कोरडा जातो तर कधी सकाळीच सर येते. छत्र्या उघडल्या की माणसाला ५ ऐवजी ८ चौरस फूट लागतात. तुमच्या ७६६ फुटांत मग ४६० ऐवजी २८७ माणसं मावतात, आणि पावणेदोनशे लोक एकदम फाटकाबाहेर ढकलले जातात. म्हणून गल्ल्यांवर ताडपत्री टाकणं ही नुसती सोय नाही, ती पावणेदोनशे माणसांची जागा आहे. ऊन पडलं तरी तीच उपयोगी पडते, कारण उन्हात लोक सावलीच्या तुकड्यात दाटी करतात आणि पुढची गल्ली रिकामी सोडतात.

हा सगळा हिशोब बारीला लागू पडतो, मोकळ्या गर्दीला नाही. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर माणसं फिरत असतात, येण्या-जाण्याला एक दिशा नसते, तिथे माणशी ५ चौरस फूट धरून काही सांगता येत नाही. आषाढीला पंढरपूरची बारी गोपाळपूरच्या पत्राशेडकडे जाते, तिथे तत्त्व हेच आहे, पण रांग इतके तास चालते की माणसं बसतात, झोपतात, जेवतात. बसलेल्या माणसाला वेगळी जागा लागते. तुमची रांग दीड तासाच्या आतली आहे, म्हणून उभ्या माणसाचं माप पुरेसं आहे.

सोमवारी प्रत्यक्ष काय चाललंय ते कळण्यासाठी बांबूंना दर ५० फुटांवर रंगीत फीत बांधा. ५० फुटांत ३० माणसं, म्हणजे मिनिटाला ७ च्या वेगाने चार मिनिटांपेक्षा थोडं जास्त. ३५० फुटांवर "इथून साधारण अर्धा तास" आणि ७०० फुटांवर "इथून साधारण एक तास" अशी पाटी लावा. लोकांना वेळ कळला की ते शांत उभे राहतात. मागून रेटा येतो तो बहुतेक वेळा पुढे काय चाललंय ते कळत नाही म्हणून. दाटी वाढते आहे हे ओळखायची खूण ही: लोक हातातलं ताट छातीशी न धरता डोक्याच्या वर धरू लागले, किंवा खाली पडलेली वस्तू कोणाला वाकून उचलता येईना, तर त्या गल्लीत माणशी ३ चौरस फुटांच्या खाली आलात. तेव्हा पुढून घाई करू नका. बारीचं मागचं तोंड बंद करा आणि पुढच्यांना जायला वेळ द्या. आरती संपून दार उघडताना ही खूण हमखास दिसते, कारण पुढचे सरकले की मागचे धावत मोकळी जागा भरतात. तिथे दोन शांत माणसं उभी ठेवा, दहा-दहाच्या गटाने सोडायला.

शेवटच्या सोमवारची वाट न बघता पहिल्याच सोमवारी तुमचा स्वतःचा आकडा काढून ठेवा. रांगेच्या शेवटच्या माणसाला एक चिठ्ठी द्या आणि तो त्या क्षणी किती फुटांवर उभा आहे ते फितीवरून लिहून घ्या. दाराशी उभ्या मुलाने तेव्हापासून बाहेर पडणारी माणसं मोजायची, चिठ्ठीवाला येईपर्यंत. समजा तो ६०० फुटांवर होता आणि त्याच्या आधी ३६० जण बाहेर पडले, तर ५ फुटांत ३ माणसं हे माझं माप तुमच्याकडेही बरोबर आहे. ३०० च निघाले, तर तुमच्याकडे लोक ताटांमुळे किंवा लेकरांमुळे जास्त सैल उभे राहतात, माणशी २ फूट पडतात, आणि पटांगणात ४६० ऐवजी ३८३ च बसतील. ४८० निघाले, तर लोक दाटीने उभे आहेत. तेव्हा जागा वाढली असं समजू नका. पुढच्या सोमवारी त्या गल्लीत स्वयंसेवक वाढवा आणि आखणी ५ चौरस फुटांवरच ठेवा.